कढईतल्या तेलाची पारख: भजीच्या गाडीवरची एक पावसाळी संध्याकाळ

भजी तळण्यासाठी कढईतले तेल साधारण १६५ ते १८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे लागते. तेल त्याहून थंड असेल तर भजी तेलकट आणि मऊ होतात. त्याहून बरेच गरम असेल तर वरून करपतात आणि आत पीठ कच्चे राहते. महाराष्ट्रातल्या रस्त्याकडेच्या बहुतेक गाड्यांवर हा पंधरा अंशांचा पट्टा तापमापकाशिवाय सांभाळला जातो. तळणारी व्यक्ती तेलात पडलेल्या पिठाचा आवाज ऐकते, कढईवरून येणारा वास घेते आणि त्यावरून बर्नर कमी-जास्त करते. या पारखीची कसोटी पावसाळी संध्याकाळी लागते. गिऱ्हाईक तेव्हाच सर्वांत जास्त असते, आणि तेलाचे तापमान बिघडवणारी कारणेही तेव्हाच सर्वांत जास्त असतात.

उदाहरण म्हणून लोणावळ्यात रस्त्याच्या कडेला लागणारी एक गाडी आणि जुलैतली एक संध्याकाळ घ्यावी. गाडी चालवणारी बाई कांदाभजी आणि बटाटेवडे विकते. डोक्यावर ताडपत्री, मागे वाऱ्याच्या बाजूला आडवा लावलेला पत्रा, खाली व्यावसायिक वापराचा १९ किलोचा सिलिंडर, त्यावर मोठा बर्नर आणि चार लिटर तेल मावेल अशी जाड लोखंडी कढई. तेल रिफाइंड पामतेल. हाताशी झारा, तळण काढून ठेवायला जाळी आणि चुरा गाळायला बारीक छिद्रांचा दुसरा झारा. त्या संध्याकाळी तिने काय ऐकले, कशाचा वास घेतला आणि त्यावरून काय ठरवले, ते क्रमाने पाहिले की तळण्यामागचे बरेचसे विज्ञान उलगडते.

पहिला घाणा टाकण्यापूर्वी

थंड तेल घातलेली कढई बर्नरवर चढते तेव्हा चार लिटर तेलाला पंचवीस अंशांवरून पावणेदोनशेपर्यंत न्यायचे असते. मोठा बर्नर पूर्ण पेटलेला असला आणि वारा नसला तर याला आठ-दहा मिनिटे लागतात. घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात ज्योत कढईच्या बुडावरून सरकते, बरीच उष्णता बाजूने निघून जाते आणि हेच काम पंधरा मिनिटांवर जाते. म्हणून घड्याळ पाहून तेल तापले असे धरता येत नाही. काल दहा मिनिटे पुरली, आज पुरतील याची खात्री नसते.

तेल तापत असताना ते उकळत नाही. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळते, लोणावळ्याच्या सुमारे सव्वासहाशे मीटर उंचीवर ९८ अंशांच्या आसपास. खाद्यतेल मात्र उकळण्याच्या कितीतरी आधी धुरू लागते आणि त्याचे विघटन सुरू होते. त्यामुळे कढईत दिसणारा प्रत्येक बुडबुडा पाण्याच्या वाफेचा असतो. कोरड्या, स्वच्छ तेलात काहीच टाकले नाही तर ते १८० अंशांवरही गप्प असते. तापल्याची खूण फक्त पृष्ठभागावर दिसते. तेल पातळ होते, त्यात हलणाऱ्या रेषा उमटतात आणि वर हात धरला तर झळ लागते.

गप्प तेलाला बोलते करायला त्यात थोडे पाणी जावे लागते, आणि ते पाणी पिठातून येते. भजीवाली आधी झारा बुडापासून वर फिरवते. तेल खालून तापते, त्यामुळे न ढवळलेल्या कढईत वरचा थर आणि बुडाचा थर यांत बराच फरक असू शकतो, आणि वरच्या थरावर घेतलेली परीक्षा फसवते. तेल एकसारखे झाले की ती बोटाच्या टोकावरचे पीठ तेलात सोडते.

थेंब बुडाशी जाऊन बसला आणि त्याच्याभोवती एखाददुसरा सुस्त बुडबुडा आला, तर तेल अजून फारच थंड आहे. थेंब खाली जाऊन हळूहळू वर आला, तर तेल दीडशेच्या आसपास पोचले आहे. थेंब जेमतेम बुडाला, लगेच वर आला, भोवती बारीक फेसाळ कडे धरून सतत चुरचुरत राहिला आणि रंग मात्र सावकाश बदलला, तर तेल तयार आहे. थेंब पडताक्षणी तडतडून उडाला आणि काही सेकंदांत तपकिरी झाला, तर तेल २०० अंशांकडे गेले आहे. तेव्हा बर्नर कमी करून थांबावे लागते. थेंब वर येण्याचे कारणही वाफच असते. पिठातल्या पाण्याची वाफ होताना पीठ फुगते, त्यात पोकळ्या तयार होतात, ते तेलापेक्षा हलके होते आणि तरंगते. वाफ जितकी वेगाने होते तितके वर येणे लवकर.

या पायरीवर नाकाचेही काम सुरू झालेले असते. रिफाइंड तेलाला थंड असताना जवळपास वास नसतो. तापल्यावर त्याचा मंद, गुळगुळीत वास येतो. थेंबाभोवतीच्या बेसनाला आधी कच्च्या डाळीचा उग्र वास असतो, तो काही सेकंदांत भाजल्या डाळीच्या वासात बदलतो. पिठातली प्रथिने आणि शर्करा साधारण १४० अंशांच्या पुढे एकमेकांशी वेगाने अभिक्रिया करतात. तळणीचा रंग आणि खमंगपणा येतो तो मुख्यतः या अभिक्रियेतून. थेंबातून खमंग वास आला, याचा अर्थ पिठाच्या कडेचे पाणी संपले आणि तिचे तापमान शंभराच्या बरेच वर गेले. तेलाजवळ ती उष्णता नसती तर हा वास आलाच नसता.

आवाज कुठून येतो

तळणीचा आवाज हा वाफेच्या बुडबुड्यांचा आवाज आहे. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे सोळाशे पटींनी वाढते. पिठाच्या छिद्रातून वाफ बाहेर ढकलली जाते, तेलात बुडबुडा तयार होतो, तो आकुंचन-प्रसरण पावत थरथरतो, तुटतो किंवा पृष्ठभागावर येऊन फुटतो. या प्रत्येक हालचालीने तेलात आणि हवेत कंप उठतात. द्रवातल्या बुडबुड्याचा सूर त्याच्या आकारावर अवलंबून असतो, हे मार्सेल मिन्नार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये गणिताने मांडले. बुडबुडा लहान तेवढा सूर उंच, मोठा तेवढा सूर खालचा. पाण्यातला एक मिलिमीटर त्रिज्येचा हवेचा बुडबुडा सेकंदाला तीन हजारांहून थोडी अधिक कंपने करतो, आणि त्रिज्या दुप्पट झाली की कंपने निम्मी होतात. तेलातले आकडे थोडे वेगळे असले तरी नाते तेच राहते.

तळणाऱ्यांचा हा कानाचा अनुभव प्रयोगशाळेतही तपासला गेला आहे. जपानी स्वयंपाकात ओली चॉपस्टिक तेलात बुडवून बुडबुडे आणि आवाज यांवरून तापमान ओळखण्याची पद्धत आहे. अमेरिकेतील युटा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवान कॅमेरा आणि मायक्रोफोन लावून ही पद्धत अभ्यासली. तो अभ्यास २०२२ मध्ये ‘फिजिक्स ऑफ फ्लुइड्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गरम तेलात पाणी शिरले की वाफेच्या पोकळ्या तीन प्रकारांनी वागतात, असे त्यात दिसले. काही पृष्ठभागाजवळ स्फोटासारख्या फुटतात, काही लांबट होऊन वर निसटतात आणि काही तेलाच्या आतच थरथरत बारीक बुडबुड्यांत मोडतात. प्रत्येक प्रकाराचा आवाज वेगळा असतो, आणि कोणता प्रकार घडेल हे पाण्याचे प्रमाण, ते कुठल्या खोलीवर आहे आणि तेल किती तापले आहे यांवर ठरते. म्हणजे तडतड आणि चुरचुर यांतला फरक ऐकणाऱ्याच्या कल्पनेतला नसून बुडबुड्यांच्या वागण्यातला आहे.

यातून कानाच्या पारखीची एक मर्यादाही कळते. आवाज तापमानाबरोबर पाण्यावरही अवलंबून असतो. नुकताच धुतलेला ओला झारा तेलात घातला, तर दीडशे अंशांचे तेलही जोरात तडतडते. हा आवाज ऐकून तेल कडकडीत तापले असे समजणे ही शिकाऊ माणसाची नेहमीची चूक. म्हणून अनुभवी भजीवाली परीक्षा नेहमी त्याच पिठाने आणि साधारण तेवढ्याच आकाराच्या थेंबाने करते. पाणी ठरावीक ठेवले तरच आवाजातला बदल तापमानाबद्दल सांगतो.

एका घाण्याचा आवाज

कांदाभजीचे पीठ तिने अर्ध्या तासापूर्वी भिजवले आहे. एक किलो कांदा उभा पातळ चिरून, मीठ लावून ठेवला. मिठाने कांद्यातले पाणी बाहेर आले. कांद्याच्या वजनातले जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असते. मग त्यात तिखट, हळद, ओवा, कोथिंबीर आणि मावेल तेवढे बेसन, साधारण साडेतीनशे ग्रॅम, आणि पळीभर कडकडीत तेलाचे मोहन घातले. वरून पाणी घातले नाही. असे पीठ कांद्याला जेमतेम धरते आणि भजी अस्ताव्यस्त, कुरकुरीत होतात. यांनाच खेकडा भजी म्हणतात.

“मावशी, दोन प्लेट कांदाभजी,” असे पहिले गिऱ्हाईक म्हणते. ती अर्धा किलोच्या आसपास पीठ बोटांनी मोकळे करत कढईत सोडते. पहिल्या अर्ध्या मिनिटात आवाज सर्वांत मोठा आणि भरगच्च असतो. पृष्ठभागावरचे मोकळे पाणी एकदम उकळते, मोठे बुडबुडे उसळतात, तेल वर चढते. या काळात भजी हलवायची नाहीत, कारण कवच अजून धरलेले नसते आणि झारा लागला तर पीठ सुटून तेलात पसरते.

याच अर्ध्या मिनिटात तेलाचे तापमान झपाट्याने उतरते. थंड पीठ तापवायला उष्णता लागते, आणि पाण्याची वाफ करायला त्याहून कितीतरी अधिक लागते. चार लिटर तेलात अर्धा किलो पीठ पडले तर तापमान साधारण १५ ते २० अंशांनी खाली येते. एक किलो पडले तर दुपटीच्या आसपास. १७५ अंशांवरच्या तेलात अर्धा किलो टाकल्यास तेल १५५ ते १६० वर येऊन पुन्हा चढू लागते आणि भजी नीट होतात. एक किलो टाकल्यास ते १४० च्याही खाली जाऊ शकते. मग भरगच्च आवाज काही सेकंदांतच बसतो आणि त्याजागी मंद, जड खदखद ऐकू येते. मोठे बुडबुडे सावकाश वर येत असल्याची ही खूण आहे. कढईत जागा दिसते म्हणून घाणा वाढवायचा नाही, हा नियम या खदखदीमुळे शिकला जातो.

घाणा बेताचा असला तर मिनिटभराने आवाज स्थिर होतो. आता वाफ पिठाच्या आतून, कवचातल्या बारीक छिद्रांतून येऊ लागते. कवच जाड होत जाते तशी वाफेची वाट अरुंद होते, बुडबुडे लहान आणि विरळ होतात. आवाजाचा जोर कमी होतो आणि सूर चढतो. भरगच्च ‘चर्रर’ची बारीक, कोरडी चुरचुर होते. हाच भजी उलटण्याचा आणि बर्नर किंचित कमी करण्याचा क्षण. तीन-चार मिनिटांनी चुरचुर तुटक झाली, झाऱ्याने हलवल्यावर भजी एकमेकांवर आपटून खुळखुळ वाजली आणि कच्च्या डाळीचा वास पूर्ण गेला, की घाणा काढायचा. आवाज पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली तर आतले सगळे पाणी गेलेले असते आणि भजी कडक, कडवट होतात.

काढतानाही घाई चालत नाही. तळताना वाफ सतत बाहेर येत असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला फारशी वाट नसते. भजी तेलाबाहेर आली की आतली वाफ थंड होऊन आकसते, आत दाब कमी होतो आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल छिद्रांतून आत ओढले जाते. तळणीतले बरेचसे तेल या मिनिटाभरात शिरते. म्हणून ती झारा कढईच्या काठावर तिरपा धरून दोन-तीनदा आपटते आणि भजी गरम असतानाच तेल निथळून जाळीत टाकते. पावसाच्या थंड वाऱ्यात भजी लवकर निवतात, तेव्हा हे निथळणे आणखी तातडीचे असते.

बटाटेवड्याचा आवाज वेगळा असतो. आतले सारण शिजलेलेच असते, शिजायचे असते ते फक्त बेसनाचे आवरण. म्हणून तेल पट्ट्याच्या वरच्या टोकाला, १८० अंशांजवळ ठेवतात. नीट वड्याची चुरचुर सुरुवातीपासून एकसारखी आणि लवकर विरळ होणारी असते. मध्येच अचानक जोराची तडतड उठली तर आवरण फाटून ओला बटाटा तेलाला लागला, असे समजायचे. तो वडा लगेच बाहेर काढावा लागतो, नाहीतर सारण तेलात विरघळून बुडाशी जळते. सोबतच्या हिरव्या मिरच्यांना तळण्यापूर्वी चीर द्यायची तीही याच कारणाने. अखंड मिरचीत वाफ कोंडते आणि ती फुटून तेल अंगावर उडते.

पाऊस काय काय बदलतो

संध्याकाळी सहाच्या सुमारास पाऊस वाढतो आणि गर्दीही. दमट हवेने बेसनात ओल धरलेली असते आणि उघड्या परातीतल्या पिठाला कांद्याचे पाणी सुटत असते. पीठ सैल झाले की त्याच आकाराच्या घाण्यात पाणी जास्त जाते. कढई अधिक जोरात वाजते आणि तेल मात्र अधिक थंड होते. कानाला इथे उलटी सूचना मिळते. मोठा आवाज ऐकून बर्नर कमी केला तर पुढचा घाणा बिघडतो. भजीवाली पिठाकडे बघून कारण ओळखते आणि मूठभर कोरडे बेसन व थोडे तांदळाचे पीठ मिसळते.

दुसरा बदल ज्योतीत होतो. वाऱ्याचा झोत आला की ज्योत झुकते, आणि जिचे टोक पिवळे होते तिची उष्णता कढईला नीट लागत नाही. पत्रा वाऱ्याच्या बाजूला सरकवणे हा त्यावरचा उपाय. गाडी चारही बाजूंनी बंद करणे मात्र धोक्याचे. बर्नरला हवा कमी पडली की ज्वलन अपुरे होऊन विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो कोंडून राहतो.

तिसरा बदल कानाशी थेट संबंधित आहे. ताडपत्रीवर आणि पत्र्यावर पडणाऱ्या जोरदार पावसाचा आवाज जवळजवळ सर्व सुरांत पसरलेला असतो आणि घाण्याच्या शेवटची बारीक चुरचुर त्यात बुडून जाते. पहिल्या अर्ध्या मिनिटातला मोठा आवाज ऐकू येतो, पण भजी झाल्याची सूचना देणारा नाजूक आवाज हरवतो. अशा वेळी झाऱ्याचा दांडा उपयोगी पडतो. भजीखाली झारा धरला की बुडबुड्यांचे धक्के दांड्यातून हाताला जाणवतात. सुरुवातीला दांडा सतत थरथरतो, भजी होत आली की धक्के विरळ आणि हलके होतात. डोळ्यांना दिसणारे बुडबुडेही तेच सांगतात. आणि कानाने सोडलेले उरलेले काम नाकाकडे जाते.

चौथी गोष्ट सुरक्षिततेची. ताडपत्रीच्या कडेवरून पावसाचे पाणी कढईत ठिबकले, तर तेलापेक्षा जड असलेले पाणी खाली जाते, क्षणात त्याची वाफ होते आणि ती वरचे तेल उसळवून बाहेर फेकते. पिठातले पाणी कवचातून थोडे थोडे सुटते, पावसाचा थेंब मात्र एकदम फुटतो. त्याचा आवाज सुटा, फटाक्यासारखा असतो. तो ऐकू येताच ती बर्नर बंद करते, कढईला हात न लावता आधी ताडपत्रीचा कोपरा आवळते आणि मग पुन्हा पेटवते. कढईतल्या तेलाने पेट घेतलाच तर त्यावर पाणी कधीही ओतायचे नाही. गॅस बंद करून कढईवर सपाट झाकण किंवा परात सरकवून हवा तोडायची.

नाकाला काय कळते

पावसात ताडपत्रीखाली वाफ आणि वास कोंडून राहतो, त्यामुळे नाकाला माहिती भरपूर मिळते. ती तीन प्रकारची असते. पहिला वास पिठाचा. कच्ची डाळ, भाजकी डाळ, खमंग तपकिरी कवच आणि मग करपणे, असा त्याचा क्रम आहे. हा वास भजी किती झाली ते सांगतो. दुसरा वास बुडाशी साचलेल्या चुऱ्याचा. घाण्यागणिक पिठाचे थेंब सुटून खाली जातात आणि पुढच्या घाण्यांत जळतात. भजी सोनेरी दिसत असताना जळका, कडू वास आला, तर दोष तेलाच्या तापमानात नसून बुडाच्या चुऱ्यात असतो. बारीक झाऱ्याने चुरा काढला की वास जातो. काढला नाही तर काळे कण पुढच्या भजीला चिकटतात.

तिसरा वास खुद्द तेलाचा. तेल फार तापले की त्याचे रेणू तुटतात आणि त्यातल्या ग्लिसरॉलपासून ॲक्रोलिन नावाचे द्रव्य तयार होते. त्याचा वास झणझणीत असतो, तो नाकात टोचतो आणि डोळ्यांतून पाणी काढतो. कढईवर निळसर धूर दिसण्याच्या सुमारास हा वास जाणवतो. ताजे रिफाइंड तेल साधारण २३० अंशांच्या आसपास धुरू लागते, तर घाण्याचे न शुद्ध केलेले शेंगतेल १६० अंशांच्या आसपासच. म्हणून शेंगतेलावर हलका धूर दिसला तर तेल भजीच्या पट्ट्यात असू शकते, पण रिफाइंड पामतेलावर तसाच धूर दिसला तर ते पट्ट्याच्या फार पुढे गेलेले असते. तेल बदलले की नाकाला नवा धडा घ्यावा लागतो.

सातच्या सुमारास या गाडीवर तसेच घडते. गिऱ्हाईक पांगले म्हणून पाचेक मिनिटे घाणा पडला नाही, बर्नर मात्र तसाच राहिला. कढईत पाणी सोडणारे काही नव्हते, म्हणून आवाजही नव्हता. कानाला कळायला मार्ग नसताना झणझणीत वासाने इशारा दिला. तिने बर्नर बंद केला. कढईत तीन लिटरच्या आसपास तेल उरले होते. त्यात तिने अर्धा लिटर ताजे तेल घातले. साधारण दोनशे अंशांवरच्या तीन लिटर तेलात पंचवीस अंशांचे अर्धा लिटर तेल मिसळले की मिश्रण पावणेदोनशेच्या आसपास येते. तेवढ्यात एक कुटुंब येऊन भजी मागते. “थांबा दादा, दोन मिनिटं. तेल जास्त तापलंय, भजी करपतील,” असे सांगून ती झारा फिरवते, पिठाचा थेंब सोडते आणि नेहमीची सततची चुरचुर ऐकून मगच घाणा टाकते.

कान आणि नाक जिथे थांबतात

सततच्या तापवण्याने तेल जुने होते. पिठातले पाणी, हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता यांमुळे त्यात नवी संयुगे तयार होतात. त्यांतली काही साबणासारखी वागतात, तेल आणि पाणी यांच्यातला ताण कमी करतात आणि बुडबुड्यांना टिकवून धरतात. म्हणून जुन्या तेलात चुरचुर दबते, फसफस वाढते आणि पिवळट फेस कढईभर पसरून काठापर्यंत चढतो. तेल काळपट आणि दाट होते, धुरू लागण्याचे तापमान खाली येते, आणि पूर्वी १७५ वर शांत असणारे तेल त्याच तापमानाला डोळ्यांना झोंबू लागते. अशा तेलावर नवे तेल ओतून काम भागत नाही, ते टाकूनच द्यावे लागते.

या खुणा दिसू लागतात तोवर मात्र तेल बरेच बिघडलेले असते. शिवाय नाक एकाच वासाला काही मिनिटांत सरावते. तासभर कढईपाशी उभ्या असलेल्या व्यक्तीला जो वास जाणवत नाही, तो नुकत्याच आलेल्या गिऱ्हाइकाला लगेच जाणवतो. त्यावर भजीवालीचा उपाय साधा आहे. घाणा निघाला की ती क्षणभर ताडपत्रीबाहेर मोकळ्या हवेत जाते आणि परत येताना वास घेते. त्याने तापमानाची पारख सुधारते, तेलाच्या आरोग्याची खात्री तरीही होत नाही. ती खात्री मोजमापानेच होते. भारतात १ जुलै २०१८ पासून लागू झालेल्या नियमानुसार तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक असेल तर ते तेल वापरता येत नाही. हे प्रमाण दाखवणारी हातात धरायची उपकरणे मिळतात. आवाज ऐकून २४ आणि २६ टक्क्यांतला फरक कोणालाही सांगता येत नाही. उपकरण नसलेल्या गाडीवर सुरक्षित वाट एकच राहते: रोज चुरा गाळायचा, तेल धुरू द्यायचे नाही, आणि फेस व काळपटपणा येण्याची वाट न पाहता तेल बदलायचे.

रात्री नऊला शेवटचा घाणा निघतो. बर्नर बंद होतो आणि तेल निवू दिले जाते. हात लावण्याइतके कोमट झाल्यावर ते फडक्यातून गाळून झाकणाच्या डब्यात जाते, कारण उघडे, गरम आणि चुऱ्यासकट राहिलेले तेल रात्रीतच आणखी बिघडते. आजचे तेल फेस धरू लागले असल्याने ती ते उद्याच्या कढईसाठी ठेवत नाही. असे तेल गटारात ओतले तर थंड होऊन नळी तुंबवते. वापरलेले तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल करण्याची योजना केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सुरू केली, आणि ज्या गावांत संकलन होते तिथे डबा तिकडे देता येतो. कढई कोरड्या कागदाने पुसली जाते. धुतली तर पूर्ण वाळवावी लागते, कारण तळाशी राहिलेले चमचाभर पाणी दुसऱ्या दिवशी तेल तापताना भडका उडाल्यासारखे उसळते, आणि तेव्हा कढईत पिठाचा एक थेंबही पडलेला नसतो.